मिठाला पाणी सुटतं तसं

मनू, काल रात्री ११ वाजता तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. हे कर, ते करू नकोस, एवढं सांगून ठेवून दिला. का ते सांगायचं राहूनच गेलं. आणि का ते कळलं नाही, तर पुढच्या पावसात तू परत काकूंच्या तांदळाच्या डब्याकडे धावणार. म्हणून आज सवडीने लिहिते.

आधी एक सांग, 'Moisture detected' दिसल्यावर तुला रडू का फुटलं? फोन मेला असं वाटलं ना? दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसत होते त्या वर्षांत जुलै उजाडला की रोज कुणी ना कुणी तोच चेहरा घेऊन समोर यायचं. अगं, ती सूचना येते म्हणजे फोन शुद्धीवर आहे आणि स्वतःला जपतोय.

चार्जिंगच्या त्या भोकात, टाइप-सी पोर्टात, मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १२ अशा २४ पिना बसवलेल्या असतात, एकीपासून दुसरी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. काहींतून वीज आत येते. काही नुसत्या बोलणी करायला असतात: समोर कोणती केबल आहे, किती वीज चालेल, वगैरे. फोन अधूनमधून अगदी नावापुरती वीज सोडून बघतो की ज्या पिनांचा एकमेकींशी संबंध नाही त्यांच्यात काही झिरपतंय का. झिरपत असेल तर मधे ओल आहे असं समजून तो चार्जिंगचं दार लावून घेतो.

दार का लावतो, ते तुला शाळेतच शिकवलंय. पाण्यात दोन तारा बुडवून वीज सोडली की एका तारेचा धातू विरघळायला लागतो, तो प्रयोग आठव. पोर्टात तेच होतं, फक्त तारांऐवजी पिना. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो, पण तो नावाला. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि हिरवा नाहीतर काळा पडत झिजतो. भिंगाखाली मी अशा पिना पाहिल्यात, शेजारच्या सगळ्या धड आणि वीज आणणारी तेवढी कुरतडलेली. नुसतं पाणी जाऊन सुकलेलं पोर्ट बहुतेक वेळा वाचतं. ओल असताना वीज दिलेलं वाचेलच असं नाही. सगळी गोम या एका फरकात आहे.

म्हणूनच तुझ्या मैत्रिणीने सांगितलेली युक्ती मला ऐकवत नव्हती. "फोन बंद करून लाव, होतो चार्ज." होतो, खरंय. काही फोन बंद असताना ही सूचना देत नाहीत आणि बिनबोभाट वीज घेतात. पण राखणदार झोपला म्हणून चोर गेला असं होतं का? आयफोनवर 'Emergency Override' असं बटणच येतं, ते दाबलं की ओल असतानाही चार्जिंग सुरू होतं. ते खऱ्या अडीनडीसाठी आहे, रात्री रील बघण्यासाठी नाही.

आता कालचंच घे. तू दादरला उतरून भिजत आलीस, फोन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होता, आणि चार्जरची केबलही त्याच कप्प्यात. बॅटरी १४ टक्के, सकाळी ८ ला प्रॅक्टिकल. मी तुला सांगितलं की कव्हर काढ, फोन बाहेरून पुसून घे, पोर्ट खाली करून धर आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलके हलके आपट. तू म्हणालीस, दोन थेंब पडले. ते दोन थेंब बाहेर येणं हे रात्रभराच्या कामातलं निम्मं काम. मग फोन पोर्ट खाली राहील असा पुस्तकाला टेकवून टेबलफॅनसमोर ठेवायला लावला. गरम हवा नको, नुसता वारा.

अर्ध्या तासाने तू लावून बघितलंस आणि परत तीच सूचना. तेव्हा तुझा आवाज पुन्हा चिरकला. पण तू लावलीस कोणती केबल? तीच, बॅगेतली. तिच्या टोकातही पाणी होतं, म्हणजे जेमतेम सुकत आलेल्या पोर्टात तू स्वतःच्या हाताने पुन्हा ओल घातलीस. हे इतक्या जणांकडून होतं की दुकानात मी पहिला प्रश्न हाच विचारायचे. केबल दोन्हीकडून काढायची, फोनमधूनही आणि चार्जरमधूनही, आणि तीही सुकू द्यायची. जमलं तर दुसरी कोरडी केबल मागून आणायची.

तिथून पुढे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि तेच तुला पटत नव्हतं. "अजून काहीतरी सांग ना, ताई!" काय सांगू? जिभेच्या मागे, खाचेत बसलेला ओलावा दिसत नाही आणि त्याला हात लावता येत नाही. तो हवेतच जायला हवा, आणि मुंबईच्या जुलैत हवाच ओलीचिंब असते. दोरीवरचे कपडे दोन दिवस सुकत नाहीत, मग बोटाच्या पेराएवढ्या त्या बोळकांडीने का घाई करावी? अर्ध्या तासात सुकलं तर नशीब, नाहीतर रात्रभर, आणि कधीकधी पुरा दिवस. एसीची खोली असेल तर लवकर उरकतं, कारण तिथली हवा कोरडी असते.

हात शिवशिवतात, मान्य आहे. पण कानातला कापसाचा बड आत घातलास तर पाण्यापेक्षा तंतू जास्त आत राहतात, आणि ती जीभ इतकी नाजूक की जरा तिरका जोर लागला तर वाकते. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ आणि थुंकी दोन्ही आत जातात. दाबाची हवा पाणी बाहेर काढायच्या ऐवजी आणखी खोल ढकलते. हेअर ड्रायरच्या उष्णतेने पाणी अडवणारी चिकटपट्टी सैल होते, आणि मग फोन पुढच्या पावसाला खरंच बळी पडतो.

आणि तांदूळ. मला फोन करण्याआधी तू दहा मिनिटं डब्यात घातलाच होतास, नंतर कबूल केलंस. तांदूळ पोर्टातलं पाणी ओढून घेत नाही. उघड्या हवेत वाऱ्यासमोर फोन जितका सुकतो तितकाही डब्यात सुकत नाही, कारण तिथे हवा हलतच नाही. वर त्याची पूड आत जाते. शिवाय काकूंच्या तांदळाला किडे होऊ नयेत म्हणून बोरिक पावडर चोळलेली. स्पीकरच्या जाळीवर पांढरं काय दिसतंय विचारत होतीस, ते तेच. आयफोनवाल्यांनी तर आपल्या सूचनांमध्येच लिहून ठेवलंय की फोन तांदळात घालू नका.

मग १४ टक्क्यांत रात्र कशी काढायची? तुझ्या फोनला वायरलेस चार्जिंग असतं तर प्रश्नच नव्हता. ते पाठीकडून होतं, पोर्टाचा संबंध येत नाही, पाठ कोरडी पुसली की झालं. ते नाही, म्हणून विमान मोड, बॅटरी सेव्हर आणि गजर मैत्रिणीच्या फोनवर. सकाळी ६ ला तू कोरड्या केबलने लावलास तेव्हा ९ टक्के होते आणि चार्जिंग मुकाट सुरू झालं. रात्री दर दहा मिनिटांनी लावून बघितलं असतंस तर काय झालं असतं? प्रत्येक वेळी केबलचं टोक आतलं पाणी पसरवत राहिलं असतं.

आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सांगते, कारण तू दिवाळीत गुहागरला जाणार आहेस. पावसाचं पाणी सुकतं आणि जातं. समुद्राचं पाणी सुकतं आणि मीठ मागे ठेवतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ना? पोर्टातल्या मिठाचंही तसंच. दुपारी सगळं ठीक, संध्याकाळी हवा दमट झाली की पुन्हा ती सूचना. लोक म्हणायचे, "चार दिवस सुकवतोय, तरी जात नाही." जाणार कसं? घाम, चहा, शहाळ्याचं पाणी, सगळ्यांची हीच कथा, कमीअधिक. इथे वाट बघणं हा उपाय नाही. फोन आयपी ६८ दर्जाचा असेल, कुठे तडा गेलेला नसेल आणि आधी उघडून दुरुस्त केलेला नसेल, तर लगेच साध्या, गोड्या पाण्याने पोर्ट धुऊन काढायचं आणि मग वर सांगितलं तसं सुकवायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण हा दर्जा देताना चाचणी गोड्या पाण्यातच होते. खाऱ्या पाण्याचा त्यात हिशोब नसतो. तुझा आत्ताचा फोन त्या दर्जाचा नाही, तेव्हा तो वाळूत न्यायचाच नाही, किंवा भिजलाच तर बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे. तो उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतो.

आणि कधी थांबणं पुरे म्हणायचं? मी २४ तास धरते. पुरा दिवस वाऱ्यावर ठेवूनही कोरड्या, दुसऱ्या केबलने सूचना येत असेल तर आधी संशय फोनच्या आठवणीवर घ्यायचा. सॅमसंगमध्ये सेटिंग्जमधल्या Apps मध्ये जाऊन सिस्टिम अ‍ॅप्स दिसतील असं करायचं, USBSettings शोधायचं, त्याच्या Storage मध्ये Clear cache दाबायचं आणि फोन बंद करून चालू करायचा. सुकलेल्या पोर्टाची जुनी सूचना अडकून बसली असेल तर ती यानेच जाते. हे ओल्या पोर्टावर करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरीही येतच राहिली, काही न लावता आपोआप झळकायला लागली, किंवा टॉर्च मारल्यावर आत हिरवट दिसलं, तर पिना गेल्यात. पुष्कळ फोनांत पोर्ट एका वेगळ्या छोट्या पट्टीवर असतं, तेवढी पट्टी बदलली की काम होतं. पण कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून धुकं दिसलं तर २४ तास वगैरे काही नाही. पाणी पोर्टाच्या पलीकडे, पोटात गेलंय. तेव्हा फोन लगेच बंद करायचा आणि दुकान गाठायचं.

तुझी ती बॅगेतली केबल उजेडात धरून टोकात बघ. डाग दिसला तर फेकून दे, माझ्याकडे एक जास्तीची आहे, शनिवारी येशील तेव्हा ने. आणि काकूंना सांग, तो तांदूळ दोनदा जास्त धुऊन घ्या म्हणावं, तुझी बॅग कुठे कुठे लोळलेली असते ते मला माहीत आहे.