वाचकांचे प्रश्न : फायलीचे नाव बदलले तर दाखला खोटा ठरतो का?

प्रश्न : महोदय, आमचे घराणे काही पिढ्या काशीत पंचगंगा घाटाजवळ राहते. वडील गेल्यावर त्यांच्या बचतपत्रांच्या दाव्याचे काय झाले हे कळेना, म्हणून मी 2 जूनला एका केंद्रीय कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज केला. महिना उलटला तरी उत्तर नाही. आता पहिले अपील करायला बसलो, तर जोडलेली फाईल चढतच नाही. ‘फाईल अवैध’ एवढाच संदेश येतो. फायलीचे नाव आहे ‘कै. वडिलांचा मृत्यू दाखला व बचतपत्रे (अंतिम).pdf’. सायबर दुकानातला मुलगा म्हणतो, नाव बदला. पण दाखल्यावर नगर निगमाची डिजिटल सही आहे. नाव बदलले तर कागदात फेरफार केल्यासारखे होणार नाही ना? आणि यात मुदत गेली तर?
– एक वाचक, पंचगंगा घाट, वाराणसी

उत्तर : नाव बदलण्यात कायद्याची काहीही अडचण नाही. तुमची भीती रास्त आहे, म्हणून कारण नीट सांगतो. फायलीचे नाव फायलीच्या आत नसते. ते संगणकाच्या यादीत, फायलीच्या बाहेर नोंदलेले असते. डिजिटल सही आतल्या मजकुरावर केलेली असते, त्यामुळे नाव काहीही ठेवले तरी सही तशीच राहते. खात्री करायची असेल तर विंडोजच्या कमांड खिडकीत, फाईल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन, dakhla.pdf च्या जागी तुमच्या फायलीचे नाव " " अशा अवतरणचिन्हांत घालून, हे लिहा :

```
certutil -hashfile dakhla.pdf SHA256
```

पडद्यावर अंक-अक्षरांची एक लांब ओळ येईल. तिला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ही ओळ पूर्ण बदलते, नुसते नाव बदलले तर अक्षरशः तीच राहते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याची ओळख म्हणून हीच हॅश लिहायची असते. तिथे ओळख पटते ती मजकुरावरून, फायलीच्या नावावरून नाही.

सही बिघडते ती वेगळ्याच कृतींनी. दाखला उघडून ‘प्रिंट टू पीडीएफ’ केला, त्याचा फोटो काढून पुन्हा पीडीएफ बनवली, किंवा दुसऱ्या कागदांशी जोडून एक फाईल केली, की सही तपासण्याजोगी राहत नाही. तुमच्या फायलीच्या नावात दाखला आणि बचतपत्रे दोन्ही आहेत, म्हणजे जोडणी आधीच झालेली दिसते. तेव्हा नगर निगमाकडून उतरवलेली मूळ फाईल शोधा आणि ती वेगळी जपा. ती उघडल्यावर सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले तर घाबरू नका. ते बहुधा तुमच्या संगणकाने सही देणाऱ्या संस्थेला अजून विश्वासू मानलेले नसते म्हणून येते, नावाशी त्याचा संबंध नाही.

आता फाईल का चढत नाही ते पाहू. rtionline.gov.in या पोर्टलच्या सूचनांतच लिहिले आहे की जोडायची फाईल पीडीएफ हवी, 1 एमबीपर्यंतची हवी आणि तिच्या नावात रिकामी जागा नको. तुमच्या नावात सहा रिकाम्या जागा आहेत. बहुधा तेवढेच कारण पुरेसे आहे. पण नुसत्या जागा काढून भागेल असे समजू नका. ‘कै.’ नंतरचा टिंब आणि ‘.pdf’ चा टिंब मिळून नावात दोन टिंब होतात, आणि काही पोर्टले दोन टिंबांची फाईल संशयास्पद मानून नाकारतात. कंसही बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. एकच फाईल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर आपणहून ‘(1)’ लावतो, त्यामुळे कंस आपण न लिहिताही येतात.

देवनागरीचा मुद्दा लांबीचा आहे. संगणक देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सुद्धा, सुटी मोजतो आणि प्रत्येकीला तीन बाइट लागतात. वेबच्या पत्त्यात हेच नाव जाते तेव्हा एका खुणेची नऊ अक्षरे होतात. ‘दाखला’ या शब्दात पाच खुणा आहेत, म्हणजे पत्त्यात 45 अक्षरे. तुमचे पूर्ण नाव मोजले तर 48 खुणांचे आहे, साठवताना त्याचे 118 बाइट होतात आणि वेबच्या पत्त्यात 340 अक्षरे. कित्येक प्रणालींत नावासाठी 255 ची मर्यादा असते. म्हणजे जे नाव तुमच्या पडद्यावर एका ओळीत मावते, ते पलीकडे मावत नाही. शिवाय मराठीची एक खास गोष्ट : कऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावे काही कळफलकांवर टंकली की ‘ऱ्ह’ मध्ये एक न दिसणारी खूण बसते. डोळ्यांना दोन नावे सारखी दिसतात, यंत्राला ती वेगळी असतात. अशी नावे फायलीला देऊच नयेत.

करायचे ते इतकेच. मूळ फाईल तिच्या मराठी नावासह जागेवर राहू द्या. तिची प्रत काढा, प्रतीवर एकदा टिचकी मारून F2 दाबा आणि नाव द्या : mrutyu_dakhla.pdf. फोनवर फाईलच्या तीन टिंबांतून नाव बदलण्याचा पर्याय मिळतो. फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि खालची रेघ वापरा. एक सावधगिरी घ्या : विंडोज शेवटचे ‘.pdf’ लपवते, त्यामुळे ते पुन्हा टंकले तर ‘.pdf.pdf’ होते आणि तुम्हाला दिसतही नाही. आणि फोटोच्या फायलीला नुसते ‘.pdf’ नाव दिल्याने ती पीडीएफ होत नाही. पोर्टलने आतला मजकूर तपासला तर ती परत येईल.

दोष नावाचाच आहे का, हे ओळखायची साधी रीत आहे. त्याच फाईलच्या प्रतीला test.pdf नाव देऊन चढवून पाहा. चढली तर दोष नावाचा. नाही चढली तर आकार पाहा, कारण स्कॅन केलेली बचतपत्रे सहज 1 एमबीच्या पुढे जातात. फाईलला पासवर्ड आहे का तेही बघा.

मुदतीचे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7(1) प्रमाणे उत्तराची मुदत अर्ज मिळाल्यापासून 30 दिवस, म्हणजे 2 जुलैपर्यंत. कलम 19(1) प्रमाणे त्यापुढे अपिलाला 30 दिवस, म्हणजे 1 ऑगस्टपर्यंत. पुरेसे कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला आहे, म्हणून ‘फाईल अवैध’ हा संदेश आलेल्या पडद्याचे चित्र तारखेसह जपा. मात्र त्या माफीवर विसंबून राहू नका. माझे मत विचाराल तर इथे जोडपत्रासाठी अडून बसू नये. अपिलाचा मजकूर 3000 अक्षरांच्या चौकटीत लिहिता येतो, जुन्या अर्जाचा नोंदणी क्रमांक दिला की अर्ज पोर्टलवर सापडतो, आणि पहिल्या अपिलाला शुल्क नाही. दाखला जोडलात तर बरेच, कारण मृत व्यक्तीच्या पैशांबद्दल विचारणारा वारस आहे हे त्यातून आणि नात्याच्या पुराव्यातून दिसते. पण फाईल 30 जुलैलाही अडली तर तिच्याविना अपील दाखल करा, दाखला नंतर स्पीड पोस्टाने त्याच नोंदणी क्रमांकाच्या उल्लेखासह पाठवा, आणि पावती सांभाळून ठेवा.