भूतकाळी क्रियापद कर्माप्रमाणे का चालते?

नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाडा हे गाव गुजरातच्या सीमेलगतच्या नवापूर तालुक्यात आहे. अशा सीमाभागात गुजराती जाणणारा मनुष्य मराठी शिकू लागला म्हणजे भूतकाळाची वाक्ये त्याला विशेष अडवितात. ‘रामू भाकरी खातो’ येथे क्रियापद रामूप्रमाणे चालते. मात्र ‘रामूने भाकरी खाल्ली’ येथे कर्ता पुरुष असूनही क्रियापद स्त्रीलिंगी होते. आंबा असल्यास ‘खाल्ला’ आणि केळे असल्यास ‘खाल्ले’. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात.

याचे कारण भाषेच्या इतिहासात आहे. संस्कृतातील भूतकाळाची मूळ क्रियारूपे प्राकृतांत हळूहळू लोपली व त्यांची जागा ‘रामेण फलं खादितम्’ यासारख्या रचनेने घेतली. यातील ‘खादितम्’ हे वस्तुतः फळाचे विशेषण आहे. म्हणून त्याचे लिंग व वचन फळाचे. खाणारा तृतीयेत जातो. मराठीतील ‘ने’ हा तृतीयेचाच प्रत्यय होय. ‘भाकरी खाल्ली’ म्हणजे मुळात ‘भाकरी खाल्लेली झाली’. ‘जाणे’, ‘बसणे’ या अकर्मक क्रियांना कर्मच नसल्याने तेथे विशेषण कर्त्याचे राहते : ‘सीता गेली’.

‘मी’ व ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. त्यामुळे शिकणारा ‘मी भाकरी खाल्लो’ असे म्हणून बसतो. परंतु ‘मी’ हे रूपच मूळ तृतीयेतून आलेले असल्याने ‘मी भाकरी खाल्ली’ हेच शुद्ध होय.

यापुढे मराठी व गुजराती यांची वाट वेगळी होते. कर्माला ‘ला’ लागताच मराठी क्रियापद त्याच्याशी संबंध तोडते व नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते : ‘शिक्षकाने मुलीला बोलावले’. हा भावे प्रयोग. गुजरातीत मात्र ‘शिक्षके छोकरीने बोलावी’ असे म्हणतात; कर्माला प्रत्यय लागूनही क्रियापद मुलीप्रमाणेच चालते. शिवाय तेथील ‘ने’ कर्माचा आहे, तर मराठीतील ‘ने’ कर्त्याचा. म्हणून गुजराती वळणाने ‘शिक्षकाने मुलीला बोलावली’ असे वाक्य तयार होते आणि ‘मुलीने’ हा शब्द ऐकताच बोलावणारी कोण व बोलावली गेली कोण, याचा घोटाळा होतो.

नियमाला अपवाद आहेत. ‘शिकणे’, ‘विसरणे’, ‘बोलणे’ ही क्रियापदे कर्म असतानाही कर्त्याप्रमाणे चालतात : ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’. ही वेगळी पाठ करावी लागतात.

वाक्य पडताळण्यासाठी कर्त्याच्या जागी ‘त्याने’ घालून पाहावे. ते शोभत असेल, तर पुढे कर्माकडे पाहावे. कर्माला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्माप्रमाणे ठेवावे; ‘ला’ असेल तर ‘-ले’ ठेवावे. ‘त्याने नाव विसरला’ कानाला खटकते. तेथे ‘तो’ हाच कर्ता क्रियापद चालवितो.