तुटलेला गिअर छापून घ्यायचा, तर खर्च किती?

सांगोल्याकडची डाळिंबाची बाग. पंपाचा ऑटोमॅटिक कंट्रोलर रात्री लाइट आली की पंप चालू करतो आणि ठिबकचा व्हॉल्व्ह मोटरने फिरवून पाणी एका प्लॉटवरून दुसऱ्यावर नेतो. एके दिवशी मोटर घरघरत राहिली, व्हॉल्व्ह मात्र हलेना. दुकानदाराने सांगितलं, सुटा गिअर मिळत नाही, अख्खा मोटर-व्हॉल्व्ह घ्या, ४,८०० रुपये. घरातला मुलगा पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकतो. तो म्हणाला, "अण्णा, पैसे भरू नका. आधी उघडून बघतो."

मेन स्विच बंद करून त्याने डबी उघडली. आत प्लास्टिकचे चार गिअर होते, त्यातल्या एकाचे तीन दात गेले होते. मग त्याने गिअर बाजूला काढून व्हॉल्व्हचा दांडा पान्याने फिरवून पाहिला, तर तो अडकत होता. आत वाळू होती. ही तपासणी फुकट असते आणि नेमकी हीच बहुतेक जण करत नाहीत. व्हॉल्व्ह जड असेल तर नवा गिअरही तसाच तुटणार. व्हॉल्व्ह साफ झाल्यावरच त्याने माप घेतलं.

तुटके धरून दात मोजले, ३० भरले. बाहेरचा व्यास ३२ मिमी. सरळ दातांच्या साध्या गिअरमध्ये व्यासाला दातांपेक्षा दोनने मोठ्या आकड्याने भागायचं: ३२ भागिले ३२, म्हणजे १. याला मोड्यूल म्हणतात. शेजारच्या गिअरला १२ दात होते आणि व्यास १४ मिमी, तिथेही १ आला. दोन्हीकडे एकच आकडा आला म्हणजे माप बरोबर. वेगळा आला, तर एक गिअर झिजलेला आहे किंवा दातांचा आकार निराळा आहे. मग स्वतः आखण्याच्या फंदात पडू नये. दोन्ही गिअरच्या दातांची बेरीज ४२ आणि मोड्यूल १, म्हणून त्यांच्या दांड्यांच्या मध्यांतलं अंतर निम्मं, २१ मिमी यायला हवं, तेही त्याने पडताळलं. आराखडा फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढला, म्हणून डिझाइनचे पैसे वाचले. हे काम थ्रीडी छपाईच्या दुकानावर सोपवलं असतं, तर त्याचे ५०० रुपये सांगितले होते.

आता बिल. असा गिअर सहा-सात ग्रॅमचा. त्यातलं प्लास्टिक काही रुपयांचं. दुकान पैसे घेतं ते मशीनच्या वेळेचे आणि किमान ऑर्डरचे. त्यामुळे एकाऐवजी दोन नग घेतले तरी बिल दुप्पट होईलच असं नाही, आधी विचारा. मुलाने आधी स्वस्त पीएलएमध्ये नमुना छापला, १५० रुपये. भोक थोडं घट्ट आलं. छापील भोक बहुधा आखलेल्यापेक्षा किंचित लहानच येतं. आराखड्यात दुरुस्ती करून नायलॉनचे दोन नग घेतले, ५०० रुपये. ग्रीस ६० धरून एकूण खर्च ७१० रुपये, सोलापूरच्या दोन फेऱ्यांचं एसटी भाडं वेगळं.

पीएलएचा नमुनाच कायमचा बसवण्याचा मोह होतो, पण पीएलए साठ अंशांजवळ मऊ पडायला लागतं आणि उन्हातली बंद डबी एप्रिलमध्ये तिथवर जाऊ शकते. छापताना गिअर आडवा ठेवायला आणि आतून पूर्ण भरीव करायला सांगा. उभा छापला तर थर दातांच्या बुडाशी येतात आणि दात थरावरूनच सुटतात. नायलॉन हवेतली ओल धरतं, तेव्हा दुकानदार ते वाळवून वापरतो का, हेही विचारून घ्या. पितळी गिअर करून घ्यावा असं कोणी सुचवेल. मला ते पटत नाही. प्लास्टिकचा गिअर हा फ्यूजसारखा आहे. तो पक्का केला, तर पुढच्या वेळी वाळू अडकल्यावर मोटर जळेल.

पॉलिटेक्निकची कार्यशाळा किंवा अटल टिंकरिंग लॅब असलेली शाळा जवळ असेल, तर तिथे विचारून बघा. अशा लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असतो. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमातही २००२ पासून फॅब लॅब आहे.

गिअर बसवल्यावर पहिले काही दिवस पाणी माणूस उभा करूनच सोडा. पंप चालू आणि व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकलेला, तर दाब वाढून पाइप फुटू शकतो. त्याचा खर्च गिअरच्या कितीतरी पट. एकाहून जास्त गिअर झिजलेले असतील, दांडा वाकला असेल किंवा डबीच तडकली असेल, तर छपाईत पैसे घालू नका. नवा व्हॉल्व्हच घ्या.