दोन ओळींचा शेर आणि माझी झोप

छत्रपती संभाजीनगरचा माझा एक मित्र उर्दूत लिहितो. त्याचा एक शेर मराठीत आणायचं मी हौसेने अंगावर घेतलं:

तुम्हारी गली में दिया जल रहा है
मुझे नींद आए तो आए कहाँ से

१. वृत्त जसंच्या तसं उचलता आलं म्हणजे अर्धं काम झालं, हा माझा समज पहिल्या संध्याकाळीच मोडला. हा शेर मुतकारिब या बहरीतला: एक लघु, दोन गुरू, लगागा, असं चार वेळा. हे तर आपलं भुजंगप्रयात! उर्दू आणि मराठीचं वृत्त इतकं तंतोतंत जुळल्यावर मी स्वतःला भाग्यवान समजलो आणि लिहिलं:

तुझ्या अंगणी दीप हा तेवताहे
मला झोप येईल आता कशाने

एकही मात्रा इकडची तिकडे नाही. धाकट्या बहिणीला म्हणून दाखवलं, तर ती म्हणाली, "दादा, याच्यापुढे 'जय जय रघुवीर समर्थ' म्हणायचं का?" तिचं काय चुकलं? 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयातातच आहेत. शाळेत ज्या चालीवर मनाला शिस्त लावली, त्याच चालीवर कुणाच्या तरी ओढीने जागायचं म्हणजे प्रेयसीऐवजी समर्थच समोर उभे राहणार.

२. वृत्ताला स्वतःचा भाव नसतो, तो भाषेच्या आठवणीतून येतो. हे मला फार उशिरा उमगलं. फिरदौसीचा 'शाहनामा' याच मुतकारिबमध्ये आहे, फक्त शेवटचा गण थोडा तोडलेला. म्हणजे तीच चाल फारसीत लढाईवर जाते, उर्दूत प्रेमात पडते आणि मराठीत उपदेश करते. तेव्हा मी मात्रा सोडल्या आणि मूळ शेर पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हटला. हाती लागली ती ओळीच्या बरोबर मध्यावरची विश्रांती: 'तुम्हारी गली में' म्हणून क्षणभर थांबायचं, मग 'दिया जल रहा है'. न्यायची असेल तर ही थांबण्याची जागा न्यावी, असं ठरवलं.

३. 'गली'ने मला सर्वात जास्त छळलं. गझलेत प्रेयसीची गल्ली हा पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला मुलूख आहे. तिथे पाऊल टाकलं की पुढचं सगळं ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. मराठी गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात. बोळ म्हटलं की कुबट वास येतो, आळी म्हटली की पत्ता सांगितल्यासारखं होतं. अंगण तर वर करून बसलोच होतो, तिथे तुळस आली, दिव्याचा दीप झाला आणि सांजवात लागली. मग खिडकी घेतली. चित्र छान झालं, पण शेर मेला. कारण गल्लीतला दिवा तिचाच आहे, असं शेरात कुठे म्हटलंय? शेजाऱ्याचाही असेल, म्युनिसिपालटीचाही असेल. ती आपल्यासाठी जागी आहे ही याची समजूत, आणि त्या समजुतीवरच हा रात्र काढतोय. खिडकीतला दिवा म्हणजे पुरावा झाला, आणि पुरावा मिळालेला माणूस निवांत झोपतो.

४. शेवटी दोन्ही ओळी चारेक मात्रांनी आखूड झाल्या. लगालगागा असं दोनदा, निदान पहिल्या ओळीत मध्ये थांबा:

तुझ्या दिशेला दिवा अजूनी
मला कशी झोप यायची मग

'दिशेला'मुळे दिवा नेमका कुणाचा ते पुन्हा धूसर झालं. पहिल्या ओळीत क्रियापदच नाही. मराठीला ते चालतं, आणि 'अजूनी'ने 'जल रहा है'मधली लांबलेली रात्र परस्पर आणली. 'येईल'च्या जागी 'यायची' हे आपोआप तोंडात आलं. 'येईल' नुसतं कळवतं, 'यायची' हात टेकतं. 'आए तो आए'मधला तो लाचार हेलकावा पूर्ण नाही, पण थोडासा त्यात आहे.

५. काही वस्तू वाटेतच राहतात. 'तुम्हारी'तलं आर्जवी अंतर गेलं. 'तुमच्या दिशेला' म्हटलं असतं तर सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिल्यासारखं झालं असतं.

६. मित्राला मराठी चांगलं येतं. त्याने मुशायऱ्यात म्हणतात तशी पहिली ओळ दोनदा म्हटली, मग दुसरी, आणि शेवटच्या 'मग'वर बोट ठेवलं. "मी कारण सांगितलंच नव्हतं. दिवा इथे, झोप तिथे, मधलं ऐकणाऱ्याने जोडायचं. तू 'मग' घालून जोडून दिलंस." खरं आहे. पण 'मग' काढला तर दोन मात्रांचं भगदाड पडतं. त्या जागी 'रे' बसवला तर बोलणारीच बाई होते. 'गं' बसवला तर तो बिचारा अंधारात उभा राहून चक्क लावणी म्हणू लागतो. सध्या 'मग'च ठेवलाय.