बैठक चुकली, निर्णय कसे मिळवायचे?

प्रश्न : मी कोयनानगरला पाटबंधारे खात्यात आहे. मुलगा आजारी पडल्याने मान्सूनपूर्व आढावा बैठक चुकली. सहकाऱ्याला काय विचारू?

उत्तर : ‘बैठकीत काय झालं?’ असं मोघम विचारलंत, तर चर्चाच ऐकायला मिळेल. तुम्हाला हवेत ते निर्णय. त्याच दिवशी असा निरोप पाठवा :

‘सर, मुलाच्या आजारपणामुळे आज येता आलं नाही. विसर्ग सोडण्याआधी कऱ्हाड, सांगलीला कुणी कळवायचं आणि किती आधी, एवढं नक्की ठरलं का? माझ्याकडे कोणतं काम आलं, कधीपर्यंत? तुमच्या टिपणाचा फोटो मिळाला तर बरं होईल.’

उत्तर आलं की प्रत्येक मुद्द्याला ‘ठरलं की नुसतं बोललं गेलं?’ हे विचारून घ्या. समजा, सहकाऱ्याने लिहिलं, ‘पायथा वीजगृहातून विसर्ग, दोन तास आधी सूचना’. हा आदेश आहे की कुणी मांडलेली सूचना, हे त्यावरून कळत नाही. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून पुढे सांगलीकडे जातं, त्यामुळे इथल्या गैरसमजाचा फटका नदीकाठच्या गावांना बसतो.

म्हणून समजलेलं चार ओळींत लिहून सहकाऱ्याला परत दाखवा आणि इतिवृत्त आलं की ताडून पाहा. फरक दिसला तर बैठकीच्या अध्यक्षांच्या कार्यालयाला विचारा. टिपण तयारीपुरतं वापरा. विसर्गाबाबतची कृती मात्र वरिष्ठांच्या लेखी आदेशावरच करा.