स्वागताचं भाषण, आभाराचे शब्द

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. स्नेहसंमेलनाच्या स्वागतपर भाषणात पालकांचे आभार कसे मानावेत?

उत्तर : बाई, ‘सर्व पालकांचे मनःपूर्वक आभार’ हे वाक्य कोणालाच आपलं वाटत नाही. त्यांनी केलेलं काम सांगा : ‘लेझीमच्या सरावासाठी महिनाभर सकाळी 7 वाजता मुलांना आणून सोडलंत, फेटे घरी बांधून दिलेत.’ मग मागच्या रांगेतली आईसुद्धा मान वर करते. मुलांचं कौतुकही तसंच करा. बक्षिसांची यादी अहवालवाचनासाठी ठेवा. तुम्ही पडदा ओढणाऱ्या, नेपथ्य रंगवणाऱ्या मुलांची नावं घ्या. उच्चार आदल्या दिवशी वर्गशिक्षकांकडून तपासून घ्या. आणि भाषण 4 मिनिटांत, म्हणजे साधारण 400 शब्दांत संपवा. विंगेत पहिलीची पोरं रंगभूषा करून ताटकळत उभी असतात.