रोजची आठवण आणि परदेशातले घड्याळ

धारावीत चामड्याची पाकिटे व पट्टे तयार करणारे आमच्या ओळखीचे एक कारखानदार आहेत. त्यांचा माल लंडनच्या एका घाऊक गिऱ्हाइकाकडे जातो, आणि त्यांचा धाकटा भाऊ दुबईत दुकान चालवतो म्हणून महिन्यातून एकदा तरी त्यांची तिकडे फेरी असते. लंडनच्या खरेदीवाल्याशी त्यांचा करार असा की सोमवार ते शुक्रवार तिथल्या सकाळी साडेनऊला फोन करायचा, चालू लॉटची हकीकत सांगायची आणि काही फेरबदल असल्यास तेव्हाच ऐकून घ्यायचा. त्यांनी मोबाइलमध्ये दुपारी दोनची रोजची आठवण लावून ठेवली होती. उन्हाळाभर सारे सुरळीत चालले.

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र दोन वाजता फोन लावला की पलीकडे कोणी उचलीना. यांना वाटले, सुट्टी असेल. तिकडे तो गृहस्थ साडेनऊला फोनची वाट पाहून कंटाळला, आणि रंग बदलण्याची सूचना त्याने ईमेलने धाडली. ती यांनी रात्री उघडली. तोवर तीनशे पाकिटांचे चामडे तपकिरी रंगात कापून झाले होते.

चूक कोणाची? फोन तर रोज अचूक दोनलाच वाजत होता. झाले असे की त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास मागे घेण्यात आली. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पूर्ववत आणते. त्यामुळे उन्हाळ्यात आपण लंडनच्या साडेचार तास पुढे असतो, तर हिवाळ्यात साडेपाच तास. लंडनचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दोन, पण हिवाळ्यात तीन. भारत आणि दुबई घड्याळ हलवत नाहीत. त्यांच्यातले दीड तासाचे अंतर बारा महिने तेच राहते. दुबईशी व्यवहार करण्याची सवय असलेल्या माणसाच्या म्हणूनच हे चटकन ध्यानात येत नाही. (एका शहरात दोन वेळा पाळणे मुंबईकराला नवे नाही, म्हणा. १९०६ साली भारताची प्रमाण वेळ ठरली, तरी मुंबईची आपली वेळ, सुमारे ३९ मिनिटे मागची, १९५५ पर्यंत टिकून होती.)

आता मुद्दा असा की आठवण लावण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे काम कोणाच्या घड्याळाने चालते? आमच्या कारखानदारांची रोजची तीन कामे घेऊ. रात्री नऊला गल्ला व उधारीची वही मिळवणे, हे त्यांच्या स्वतःच्या घड्याळाचे काम. ते धारावीत असोत वा दुबईत, तिथल्या रात्री नऊला ते करायचे. लंडनचा फोन हा गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा. आपण कुठेही असलो तरी तिथे साडेनऊच वाजले पाहिजेत. तिसरे काम ट्रान्सपोर्टवाल्याला पार्सल उचलायला सांगण्याचे. त्याचे बुकिंग मुंबईत चारला बंद होते, म्हणजे दुबईत असताना त्यांना हे काम अडीचच्या आत उरकावे लागते. हे काम भारताच्या घड्याळाला बांधलेले आहे.

पहिल्या कामाला मोबाइलमधला साधा गजर पुरेसा आहे. गजराला फक्त तास ठाऊक असतो, गाव ठाऊक नसते. फोन ज्या देशाची वेळ दाखवतो त्याप्रमाणे तो वाजतो. नेमक्या याच कारणाने दुसऱ्या व तिसऱ्या कामाला तो निरुपयोगी आहे. ती कामे कॅलेंडरात लिहावीत. गुगलच्या कॅलेंडरात नोंद करताना वेळेच्या जवळ वेळेच्या विभागाची ओळ असते. तिच्यावर बोट ठेवून लंडन निवडावे, मग वेळ सकाळी ९.३० लिहावी. स्वतः हिशेब करून दोन किंवा तीन लिहू नये. त्यानंतर `Does not repeat` या ओळीत जाऊन सोमवार ते शुक्रवारची पुनरावृत्ती लावावी. पार्सलच्या नोंदीला याच रीतीने भारताची वेळ निवडावी व ३.३० लिहावे, म्हणजे अर्धा तास हाताशी राहील.

नोंद बरोबर बसली की नाही, हे लगेच पाहता येते. मुंबईत बसून कॅलेंडर पुढे सरकवा आणि ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यातला एक दिवस व नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस उघडून पाहा. लंडनची नोंद ऑक्टोबरात दोनला आणि नोव्हेंबरात तीनला दिसली तर काम फत्ते. दोन्हीकडे दोनच दिसत असेल, तर ती अजून भारताच्याच घड्याळाला बांधलेली आहे.

प्रवासात आणखी एक घोटाळा होतो आणि तो फार जणांकडून होतो. दुबईत उतरल्यावर फोनने आपोआप वेळ बदलली नाही, की काही लोक आकडे हातानेच दीड तास मागे करतात. समोर वेळ बरोबर दिसते, पण फोन आतून अजून भारतातच असतो. त्याच्या समजुतीने भारतातली वेळच दीड तास मागे गेली! उन्हाळ्यात लंडनची आठवण दुबईच्या साडेबाराला वाजायला हवी. या फोनमध्ये ती दुबईच्या दोनला वाजेल, तेव्हा लंडनमध्ये अकरा झालेले असतील. म्हणून आकड्यांना हात न लावता विभाग बदलावा, म्हणजे भारताऐवजी दुबई निवडावे. वेळ व विभाग आपोआप घेण्याची सोय चालू ठेवली असेल तर बहुधा हे करावेच लागत नाही.

विभाग बदलण्याच्या त्या क्षणी रोजचा गजर चुकू शकतो किंवा दोनदा वाजू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. मुंबईच्या विमानतळावर रात्री सव्वानऊला फोन दुबईवर नेला तर तो पावणेआठ दाखवील, आणि नऊचा गजर पुन्हा वाजेल. उलट, परतताना दुबईत सव्वाआठला फोन भारतावर नेला की पावणेदहा होतात आणि नऊ वाजतच नाहीत. वही मिळवायची असेल तर यात मोठे नुकसान नाही. पण ज्यांनी गिऱ्हाइकांना उधारीचा तगादा आपोआप जावा अशी व्यवस्था करून घेतली आहे, त्यांच्या गिऱ्हाइकाला एकाच रात्री दोन तगादे गेले तर तो रागावेल. कोणत्या तारखेचा निरोप गेला याची नोंद त्या प्रोग्रॅमने ठेवावी, आणि त्या तारखेचा दुसरा निरोप अडवावा.

असा प्रोग्रॅम कोणाकडून लिहून घेत असाल, तर त्याने वेळ कशी साठवली आहे हे एकदा विचारून घ्या. `09:30 Europe/London` असे, म्हणजे तासासोबत जागेचे नाव, साठवले असेल तर ठीक. `08:30 UTC` असे जागतिक वेळेत रूपांतर करून ठेवले असेल, तर ते उन्हाळ्यापुरतेच खरे आहे. देश आपला नियम बदलतात तेव्हाही नावच उपयोगी पडते. इजिप्तने काही वर्षे बंद असलेली उन्हाळी वेळ २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. ज्यांच्याकडे `Africa/Cairo` हे नाव लिहिलेले होते त्यांना फक्त फोन व संगणक अद्ययावत करावा लागला, नोंदी बदलाव्या लागल्या नाहीत.

नमाजच्या वेळांची आठवण या तिन्हींत बसत नाही, कारण ती सूर्यावर चालते. मुंबई व कोलकाता यांचे घड्याळ एकच, पण रेखांशातल्या फरकामुळे सूर्य कोलकात्यात सुमारे तासभर आधी येतो. तिथे फोनला देशाच्या वेळेबरोबर आपले गावही कळावे लागते, म्हणून प्रवासात त्या ॲपला ठिकाण पाहण्याची परवानगी द्यावी, नाहीतर दर मुक्कामी गाव हाताने निवडावे.

आमच्या कारखानदारांनी त्या तीनशे तपकिरी पाकिटांपैकी बरीचशी दुबईच्या दुकानात भावाकडे पाठवली. लंडनची नोंद आता लंडनच्या साडेनऊलाच बांधलेली आहे.